ब्युरेट कोणाच्या हातात?

संपादक महोदय,
मुलींना कन्याशाळेत घालावे की मुलामुलींच्या एकत्र शाळेत, या वादात निकालाची टक्केवारी पुढे केली जाते. पण कन्याशाळेत कोणत्या घरच्या मुली येतात, हे त्यात धरले जात नाही. 2014 साली 21 देशांतील 184 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा हा फरक नीट धरलेल्या अभ्यासांत दोन्ही प्रकारच्या शाळांतील अंतर जवळपास उरले नाही.

मी बीड जिल्ह्यात दोन्हीकडे विज्ञान शिकवले. एकत्र वर्गात अनुमापनाच्या प्रयोगाला चौघांचा गट असे. त्यात ब्युरेट या तोटीच्या काचनळीतून द्रावण थेंब थेंब सोडून फिकट गुलाबी रंग येताच थांबायचे असते. ब्युरेटची तोटी मुलांच्या हातात आणि वाचन लिहायला मुली, तेही सुवाच्य अक्षरात! पुढे प्रात्यक्षिक परीक्षेत एकटीने तोटी फिरवताना हुशार मुलीचाही हात थरथरे आणि गुलाबी रंग गडद होऊन जाई. मी दर प्रयोगाला कामे आलटूनपालटून द्यायला लागले. दिवाळीपर्यंत त्याच मुली थेंब थेंब सोडून फिकट गुलाबीवर थांबू लागल्या.

कन्याशाळेत ही अडचण नव्हती, कारण सगळे मुलीच करत. पण तिथे दहावीनंतर फक्त कला शाखा होती. विज्ञान होते एकत्र महाविद्यालयात, आणि "तिथं पोरं असत्यात, नको बाई," म्हणत घरचे कलेचाच अर्ज भरून देत. गणितात वर्गात पहिली आलेली माझी विद्यार्थिनी अशीच कलेला गेली. अशा कन्याशाळांना आधी अकरावी विज्ञानाची तुकडी आणि प्रयोगशाळा द्या.

– एक निवृत्त शिक्षिका, जि. बीड