मूग, पाऊस आणि तू

फोंडा, श्रावणातला दुसरा मंगळवार

प्रिय दिग्या,

मे महिन्यापासून तुला पत्र नाही, आणि आज लिहितोय तेही मुगांमुळे. शिव्या घालायच्या त्या घालून घे, मग पुढे वाच. माझी साखर ताब्यात आहे, गुडघा कुरकुरतो, बस.

सुमन लेकीच्या बाळंतपणासाठी बेळगावला आणि मी इथे एकटा. परवा रविवारी जावयाच्या घरची मंडळी अचानक जेवायला येणार असं कळलं. श्रावण, म्हणजे कांदा-लसूण नाही. मी छाती पुढे काढून सांगितलं, मुगाची उसळ करतो. शुक्रवारी रात्री दोन वाट्या मूग भिजवले. शनिवारी सकाळी पाणी ओतलं, ओल्या पंचात घट्ट पुरचुंडी बांधली, डब्यात घालून झाकण लावलं. तीच तुझी कोल्हापूरची पद्धत! रविवारी पहाटे डबा उघडला तर आंबूस वास, आणि मूग बोटाला शेवाळासारखे चिकटले. शेजारच्या माईंनी डोकावून नाक मुरडलं. "अरे, हे कुसले मरे!" मी म्हटलं, दोनदा धुतले की चालतील. त्या म्हणाल्या, बुळबुळीत झाला की धुऊन उपयोग नाही, माडाला घाल. घातले.

आता यातलं मर्म ऐक. आपल्या खोलीत उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की फडकं ओलं नाही ठेवलं तर मटकी वाळायची. म्हणून तू त्याच्यावर पाणी शिंपडायचास, आणि ते बरोबरच होतं. इथे पावसात फडकं तीन दिवस वाळत नाही. मोड येताना दाणा श्वास घेतो, ऊब धरतो. त्यावर साचलेलं पाणी निघालं नाही आणि हवा लागली नाही, तर दाणा वाढायच्या आधी जंतूच वाढतात. म्हणजे कोल्हापुरात चिंता ओल टिकवायची, फोंड्यात ती घालवायची. पंधरा वर्षं इथे राहून मला हे कळलं नव्हतं. सुमनला माहीत होतं, पण ती कशाला सांगते!

मंडळींना त्या दिवशी वरणभातावर भागवलं. (वहिनींना सांगू नकोस, त्या सुमनला फोन करतील.) मग हट्टाने पुन्हा बसलो, एकच वाटी घेऊन. रात्री भिजवले, सकाळी चाळणीत अर्धा तास निथळत ठेवले, कोरड्या पंचावर पसरून वरवर टिपले. परत चाळणीतच पातळ थरात पसरले, वर विरळ फडकं, खाली ताट. संध्याकाळी एकदा गार पाण्याने धुऊन पुन्हा निथळले. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या बोटाच्या पेराएवढे मोड, पांढरेशुभ्र, वास कच्च्या शेंगेचा. इतकेच हवेत, आणखी लांबू दिले तर शिजताना तुटतात.

माई म्हणाल्या, आता उसळ कसली करतोस, मुगागाठी कर. सालं काढायची. कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून हलक्या हाताने चोळले की सालं वर तरंगतात, ती ओतत जायचं. वैताग काम आहे, पण मोड तुटत नाहीत. मग पातेल्यात मूग बुडतील इतकंच गरम पाणी, मध्यम आंच, झाकण अर्धवट, नाहीतर फेस उतू जातो. डाव घालायचा नाही! पातेलंच दोन्ही हातांनी धरून हलवायचं. आठव्या मिनिटाला एक दाणा चिमटीत दाबला: दाणा मऊ, मोड अजून ताठ. त्याच वेळी मीठ, गूळ आणि वाटण (ओलं खोबरं, भाजलेले धणे, सुकी मिरची, हळद), एक उकळी, वरून मोहरी-हिंग-कढीलिंबाची फोडणी. सोलं अगदी शेवटी.

सोलं शेवटी, दिग्या! आठवतंय, तू मटकीत चिंच आधीच कोळून ओतायचास आणि मग दोन तास दाणे कडक राहिले की दुकानदाराला शिव्या घालायचास? आंबट आधी गेलं की दाणा मऊ व्हायला फार वेळ घेतो. मग तू वैतागून कुकरच्या चार शिट्ट्या करायचास, आणि बाहेर निघायचा तो लगदा. त्या रात्री मी जेवायचं सोडून बाहेर गेलो आणि आपलं महिनाभर बोलणं बंद होतं. गणंग दाणे मात्र असतातच, ते काही केल्या शिजत नाहीत, तेवढ्यापुरता दुकानदाराला दोष दे. भिजवून जे फुगत नाहीत ते वेचून टाकले की झालं.

तुझी बदली झाली म्हणे, आणि बंटीचं पुण्यातलं कॉलेज? सविस्तर लिही. घर बदललंस तर पत्ता पाठव.

त्या मुगागाठीतली एक वाटी माईंना दिली. रिकामी वाटी परत आली तेव्हा तळाला एक मूग नव्हता. चिंचेबद्दल तुझी बाजू मांडायची असेल तर मांड, मी वाट पाहतोय.

तुझाच,
बंड्या