मंत्रिमहोदय, इशाऱ्याची शेवटची ओळ कापली गेली

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी सकाळी बालाघाटकडच्या एका सरकारी प्रयोगशाळेतून मला फोन आला. तिथल्या तंत्रज्ञाने पूर्वी एका प्रशिक्षणात माझा नंबर घेतला होता. तो म्हणाला, "दीदी, किताब में लिखा था दोनों पेंच उलटी दिशा में, हमने वैसे ही किया. अब स्टेज अपने आप नीचे सरकता है." स्टेज म्हणजे सूक्ष्मदर्शकाचा काचपट्टी ठेवायचा मंच. सूक्ष्मदर्शकाच्या त्या पुस्तिकेचा इंग्रजीतून हिंदी अनुवाद मी केला आहे. त्याने पानाचा फोटो पाठवला तेव्हा माझे हात गार पडले.

मूळ इशारा असा आहे: डाव्या आणि उजव्या बाजूचे मोठे फोकस पेच एकाच वेळी विरुद्ध दिशांना फिरवू नका. दोन्ही पेच एकाच दांड्यावर बसवलेले असतात. ते पिळले की आतली दातेरी यंत्रणा आणि तिचा कसाव बिघडतो. मी लिहिलं होतं, "बाएँ और दाएँ स्थूल समायोजन पेंच एक साथ विपरीत दिशाओं में न घुमाएँ।" छापलेल्या पानावर चौकट दोन ओळींची आहे, कारण इंग्रजी मजकूर दोन ओळींत मावला होता. हिंदीला तिसरी ओळ लागते. ती चौकटीबाहेर गेली आणि कापली गेली. त्या तिसऱ्या ओळीत दोनच शब्द होते: "न घुमाएँ".

इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीला येतो, हिंदीत आणि आपल्या मराठीतही तो शेवटी येतो. इंग्रजी चौकट खालून कापली तरी मनाई शिल्लक राहते. हिंदी चौकट खालून कापली की मनाईच जाते आणि उरलेलं वाक्य सूचनेसारखं दिसतं. त्या तंत्रज्ञाला कुणी दोष देऊ नये. काही बनावटींच्या सूक्ष्मदर्शकांत पेचांचा कसाव खरोखरच दोन्ही पेच उलट फिरवून बदलतात. त्याला वाटलं, हाही तसाच असेल.

आता त्याच्या टेबलावर काय चाललं आहे ते सांगते. क्षयरोगाची थुंकी तपासताना शंभरपट भिंगाखाली तेल घालून बघावं लागतं. काचपट्टी 'निगेटिव्ह' म्हणण्याआधी किमान 100 क्षेत्रं, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारे भाग, पाहायची असतात. या भिंगाखाली स्पष्ट दिसणारा थर साधारण एक हजारांश मिलिमीटर जाडीचा असतो. स्टेज केसभर सरकला तरी जंतू अंधुक होतो. तो माणूस एका हाताने पेच धरून ठेवतो आणि दुसऱ्या हाताने पट्टी सरकवतो. शंभर क्षेत्रं अशी बघायची, आणि अशा पट्ट्या दिवसभर येतच राहतात.

आकृतीची गोष्ट याहून वाईट आहे. नव्या बनावटीत मोठ्या पेचाजवळ कसाव बदलायचं एक वलय आलं आणि मूळ आकृतीत त्याला 7 हा आकडा मिळाला. मोठा पेच 8 झाला, बारीक पेच 9. छापणाऱ्याने आकृती नवी घेतली, पण खालची नावांची यादी मागच्या पुस्तिकेतून उचलली. त्या यादीत 7 म्हणजे मोठा पेच, 8 म्हणजे बारीक पेच, 9 म्हणजे दिव्याचा प्रकाश कमी-जास्त करायचं बटण. सातव्या बाणापासून सगळी नावं एका घराने सरकली आणि वलयाचं नावच यादीत उरलं नाही. दुरुस्तीच्या पानावर मात्र लिहिलं आहे, "मंच अपने आप नीचे आए तो 7 को कसें।" स्टेज घसरल्यावर त्याने हे पान उघडलं, यादीत 7 पाहिला आणि मोठा पेच आणखी जोरात पिळला. पहिल्या चुकीवरचा उपाय दुसऱ्या चुकीने बंद केला.

हे पकडायला दहा मिनिटं लागतात, साहेब. आकृतीतले बाण मोजायचे, यादीतली नावं मोजायची. इथे बाण 14 आणि नावं 13 होती. मग इंग्रजी न पाहिलेल्या माणसाच्या हातात हिंदी पान द्यायचं आणि यंत्रासमोर बसवून सांगायचं, 'सातवर बोट ठेव.' मी प्रयोगशाळेत अकरा वर्षं काढली आहेत. ही तपासणी मी स्वतः करून देणार होते, फुकट. आपल्या अखत्यारीतल्या कार्यालयाने मला दोन गोष्टी कबूल केल्या होत्या: आकृत्यांच्या मजकूर बदलता येणाऱ्या मूळ फाइली देऊ, आणि छपाईआधी कच्ची पानं दाखवू. मार्चपासून मी सहा पत्रं पाठवली. फाइली आल्या नाहीत, पानं आली नाहीत. थेट छापील पुस्तिकेचा फोटो आला, तोही दुखावलेल्या माणसाकडून.

आणि वर माझ्या बिलातून तीस टक्के कापले. कारण लिहिलं आहे, 'अनुवादातील त्रुटी'. कुठली त्रुटी, ते लिहिलेलं नाही. मी प्रयोगशाळेतली नोकरी पाठीच्या दुखण्याने सोडली, त्यानंतर हेच माझं पोट आहे. शब्दाला एक रुपया चाळीस पैसे मिळतात, आणि शब्द मोजणारं सॉफ्टवेअर चित्रात रुतलेली नावं मोजतच नाही. चार आकृत्यांतली एकसष्ट नावं मी हाताने उतरवून घेतली, त्यांचा छदाम मिळाला नाही. उन्हाळ्यात पंख्याखाली बसून रात्री दोनपर्यंत एकेक बाण जुळवला. माझ्या मुलीच्या परीक्षेच्या आठवड्यात जुळवला. तेच बाण कुणीतरी एका दुपारी विस्कटले आणि दंड मला झाला!

माझीही एक चूक आहे आणि ती मी लिहून देते. नकार पुढे आणता आला असता. "कभी न घुमाएँ:" असं आधी लिहून मग बाकीचं वाक्य, म्हणजे चौकट कापली तरी मनाई वाचली असती. यापुढे मी प्रत्येक इशारा असाच लिहीन. पण चौकट मजकुराप्रमाणे वाढायला हवी, हे मी कितीही चांगली हिंदी लिहून साधणार नाही.

मुळात ही पद्धतच उलटी आहे. यंत्राची निविदा निघते, तपासणी होते, पैसे जातात, आणि पुस्तिका सगळ्यांत शेवटी, सर्वांत कमी दराच्या माणसाकडे. अनुवाद एकाकडे, आकृती दुसऱ्याकडे, पानांची मांडणी तिसऱ्याकडे, आणि तिघांची कधी गाठ पडत नाही. मी लिहिलेलं 'स्थूल समायोजन पेंच' कार्यालयातल्या कुणी मजकुरात 'फोकस घुंडी' केलं आणि यादीत तसंच ठेवलं. वाचणारा दोन वेगळे भाग शोधत बसतो. वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोग 1961 पासून आहे, शब्दांची वाण नाही. एका भागाला सगळ्या पानांवर एकच नाव ठेवायची जबाबदारी मात्र कुणाचीच नाही. ज्या अधिकाऱ्यांनी सही केली, त्यांनी इंग्रजी प्रत वाचली असेल. हिंदी प्रत त्यांच्यासाठी नव्हतीच.

माझं मागणं असं आहे. त्या पुस्तिकेच्या सगळ्या प्रतींवर चिकटवायला दुरुस्तीची पट्टी या महिन्यात छापा, त्यात पूर्ण इशारा आणि चौदा नावांची यादी असू द्या. ती पट्टी पाठवण्याआधी मला किंवा कुठल्याही तंत्रज्ञाला यंत्रासमोर बसवून तपासून घ्या. बालाघाटच्या त्या यंत्राची दुरुस्ती सरकारी खर्चाने करा, त्या माणसाच्या पगारातून नाही. त्याला नोटीस निघाल्याचं मी ऐकते आहे. ती आधी मागे घ्या, माझ्या तीस टक्क्यांचं नंतर बघू.

आपली,
नागपूरची एक अनुवादक