संप मिटल्याची तारीख आणि माल पोचण्याची तारीख : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाणा आणि हळद पावडरीचा व्यवहार करतो. थोडा माल घाऊक जातो, बाकीचा राज्यभरातल्या घरगुती गिऱ्हाइकांना ट्रान्सपोर्टच्या पार्सलने. सोमवारी, 4 तारखेला, मालवाहतूकदारांचा संप सुरू झाला आणि आमच्या यार्डातल्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. संपकऱ्यांच्या मागण्या बरोबर की चूक, यात मी पडत नाही. तो तुमचा आणि त्यांचा प्रश्न आहे, आणि ड्रायव्हर मंडळींच्या अडचणी मला रोज दिसतात. माझं म्हणणं वेगळं आहे. मला माझ्या गिऱ्हाइकांना एक सूचना पाठवायची आहे. तीत नव्या तारखा द्यायच्या आहेत आणि त्या खऱ्या द्यायच्या आहेत. ते तुमच्या खात्यामुळे जितकं अवघड होतं, तितकंच तुमच्या खात्यामुळे सोपंही होऊ शकतं.

शनिवारी, 9 तारखेला, मी पाठवलेली सूचना अशी :

"वाहतूकदारांच्या संपामुळे 4 तारखेपासून आमच्याकडून एकही पार्सल निघालेलं नाही. तुमचा माल आमच्याकडे कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. ट्रान्सपोर्टच्या गोदामात टाकून 'पाठवला' असं आम्ही सांगणार नाही. 9 तारखेपर्यंतच्या ऑर्डरी पुण्यात 18, मुंबईत 20 आणि नागपुरात 25 तारखेपर्यंत मिळतील. संप 12 ला मिटेल असं धरून या तारखा काढल्या आहेत. तो जितके दिवस लांबेल तितके दिवस त्याही पुढे जातील. ज्यांना थांबणं शक्य नाही त्यांनी कळवावं, पूर्ण पैसे त्याच दिवशी परत करू. पुढची खबर 13 तारखेला संध्याकाळी देऊ, संप मिटो वा न मिटो."

ही सूचना वाचून पहिला फोन नागपूरहून आला. "अहो, आठ दिवसांचा संप, मग माझा माल अकरा दिवस उशिरा का? तुम्ही मधले तीन दिवस खाल्ले की काय?" एरवी 9 ला दिलेली ऑर्डर त्यांना 14 ला मिळाली असती, त्यामुळे हिशेब त्यांचा बरोबर होता. बहुतेकांना वाटतं की संप जितके दिवस, उशीरही तितकेच दिवस. मंत्रालयातही असंच वाटत असावं, कारण बोलणी यशस्वी झाली की "वाहतूक पूर्ववत" अशी बातमी येते आणि विषय संपतो.

म्हणून नागपूर लाइनचाच हिशेब मांडतो. आमच्या ट्रान्सपोर्टवाल्याची या लाइनला रोज एक गाडी भरते, रविवार सोडून. तिच्यात 9 टन बसतं आणि यार्डातून रोज सरासरी 7 टनांचं बुकिंग होतं. म्हणजे चांगल्या दिवसांत हाताशी फक्त 2 टनांची जास्तीची जागा असते. आता 12 ला संप मिटला असं धरू. त्या दिवशी गाड्या लगेच भरायला लागत नाहीत. ज्या गाड्या वाटेत अडकल्या आहेत त्या आधी मुक्कामाला पोचणार, रिकाम्या होणार आणि मग सांगलीला परतणार. गावी गेलेले ड्रायव्हर आणि हमाल परत यायचे असतात. त्यामुळे पहिली गाडी भरणार 15 ला. तोवर दहा कामाचे दिवस गेलेले असतात आणि 70 टन माल तुंबलेला असतो.

हे 70 टन रोजच्या 2 टनांच्या जागेतून काढायचे म्हटले तर 35 कामाचे दिवस लागतात, कारण नवं बुकिंग चालूच राहतं. संप आठ दिवसांचा आणि त्याचं ओझं दीड महिना. ट्रान्सपोर्टवाल्याने दिवसाआड एक जादा गाडी मिळवली तर मात्र चित्र पालटतं. मग रोज सरासरी साडेतेरा टन निघतं, नव्या बुकिंगच्या वर साडेसहा टन उपसलं जातं आणि 27 तारखेच्या सुमारास तुंबलेला माल संपतो. फरक पडतो तो त्या एका जादा गाडीने. आणि संपानंतर जादा गाडी मिळवणं म्हणजे काय ते यार्डात कोणालाही विचारा. भाडं ज्याच्या त्याच्या मनाचं असतं, कारण सगळ्या लाइनींना त्याच गाड्या हव्या असतात.

माझ्या सूचनेतली 25 तारीख ती जादा गाडी मिळेल असं धरून आली. 9 पर्यंतच्या ऑर्डरींच्या पुढे-मागे 42 टन माल आहे, तो भरायला 19 उजाडेल. सांगलीहून नागपूर साडेसातशे किलोमीटरच्या आसपास, तीन दिवस धरा. एरवी तिथल्या गोदामात माल एका दिवसात उतरतो, पण आता तिथेही सगळ्या गावांच्या गाड्या एकदम थडकणार, म्हणून तीन दिवस धरले. यात मोठ्या पार्टीचा माल मागून येऊन आधी भरला जाणार नाही असं मी गृहीत धरलं आहे. ते नेहमी खरं ठरतंच असं नाही. यात आणखी एक गोष्ट आहे, ती गिऱ्हाइकांना सांगितली की त्यांचा विश्वास बसत नाही. संप मिटल्यावर दोन दिवसांनी, 14 ला, ऑर्डर देणाऱ्यालाही माल 27 लाच मिळणार. त्याच्या वेळी संप नव्हता, पण रांग होतीच.

खोटी तारीख कशी तयार होते तेही सांगतो, कारण ती सगळीकडे दिसते. गोदामात माल टाकायचा, ट्रान्सपोर्टची पावती, म्हणजे बिल्टी, फाडून घ्यायची आणि तिचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवायचा : "तुमचा माल निघाला." बिल्टी खरी असते, माल मात्र गोदामाच्या कोपऱ्यात असतो. बेदाण्याला हे महागात पडतं. हिरवा बेदाणा थंडीत ठेवला तर रंग धरून राहतो. 15 किलोचा बॉक्स पत्र्याच्या गोदामात किंवा ताडपत्रीखाली आठवडाभर पडला की दाणे एकमेकांना चिकटतात, रंग काळपट पडतो आणि बॉक्सच्या तळाचा पुठ्ठा चिकट लागतो. गिऱ्हाईक बॉक्स उघडतं तेव्हा त्याला संप दिसत नाही, वाईट माल दिसतो. ऑनलाइन विक्रीच्या 2020 च्या केंद्रीय नियमांत उशिरा आलेला माल परत घेण्याची सक्ती विक्रेत्यावर आहे, पण उशीर त्याच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल तर तीतून सूट आहे. म्हणजे कायदा मला वाचवतो. चिकटलेल्या बेदाण्याला तो काय वाचवणार?

आता माझ्या एका अडकलेल्या गाडीबद्दल. ती 2 तारखेला, संपाच्या आधी निघाली आणि यवतमाळच्या अलीकडे धाब्यावर उभी राहिली. तीत माझा घाऊक हळदीचा माल होता, रस्त्याने माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ई-वे बिलासह. हे बिल दर 200 किलोमीटरला एक दिवस चालतं, म्हणजे नागपूरला चार दिवस. 2 ला काढलेल्या बिलाची मुदत 6 च्या मध्यरात्री संपली. ती वाढवून मिळते, पण संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्याच वेळात, आणि ते काम ज्याच्या ताब्यात गाडी आहे त्या ट्रान्सपोर्टवाल्याने करायचं असतं. म्हणजे 6 च्या दुपारी चारपासून 7 च्या सकाळी आठपर्यंत. त्या वेळेत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला कुलूप होतं, कारण संप होता! गाडीत तीस-चाळीस व्यापाऱ्यांचा माल, प्रत्येकाचं बिल वेगळं. संप मिटला तरी ती गाडी लगेच हलणार नाही, कारण मुदत संपलेल्या कागदावर माल पकडला गेला तर कराच्या दुप्पट दंड भरावा लागतो. ड्रायव्हर म्हणतो, "आधी कागद, मग चाक." त्याचं काय चुकलं?

ई-वे बिल तुमच्या खात्याचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण मार्च 2020 च्या टाळेबंदीत अडकलेल्या गाड्यांसाठी केंद्राने बिलांची मुदत एका आदेशाने सरसकट वाढवली होती. म्हणजे अशी सोय करता येते. संपाच्या वाटाघाटीला बसताना अर्थ खात्याच्या माणसाला शेजारी बसवा आणि संपकाळात मुदत संपलेल्या बिलांचा प्रश्न त्याच बैठकीत केंद्राकडे पाठवा. मागण्यांची यादी तुमच्याकडे येतेच, त्यात ही एक ओळ आमच्याकडून धरा.

दुसरी मागणी पूर्ण तुमच्या आणि गृह खात्याच्या हातातली आहे. पुणे-मुंबईत अवजड गाड्यांना दिवसा ठरावीक वेळी प्रवेशबंदी असते. एरवी ती योग्यच आहे. पण संप मिटल्यानंतरचे पंधरा दिवस गोदामांच्या भागापुरती ती सकाळी दोन तास शिथिल केली, तर तीच गाडी आठवड्यात एक फेरी जास्त करू शकते. जादा गाडीचं काम आहे त्याच गाडीकडून होतं आणि भाडंही आटोक्यात राहतं.

आणि तिसरं, ज्यावर एक रुपयाही खर्च नाही. जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांच्या आंदोलनात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि 2 तारखेच्या रात्री तोडगा निघाल्यावर त्या झटपट ओसरल्या. टँकर एका डेपोतून एकच माल घेऊन पंपावर जातो, म्हणून ते जमलं. पार्सलच्या गाडीत चाळीस दुकानांचा माल आणि दहा गावं असतात, तिथे तसं होत नाही. तेव्हा यावेळी तोडगा निघाला की निवेदनात "वाहतूक पूर्ववत" लिहू नका. वाहतूकदार संघटनांना विचारून लिहा की अडकलेल्या गाड्या कधीपासून हलतील, नवं बुकिंग कधी सुरू होईल आणि तुंबलेला माल साधारण कधीपर्यंत निघेल. लाइनवार नसेल जमत तर विभागवार द्या. "पूर्ववत" छापून आलं की माझं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करतं आणि मी दिलेली खरी तारीख त्याला बहाणा वाटते.

13 तारखेच्या संध्याकाळी मला पुढची सूचना पाठवायची आहे. तोवर तुमचं निवेदन आलं तर त्यातल्या तारखा मी तशाच घालीन, आणि त्या तुमच्या आहेत असं लिहीन.

कळावे,
सांगली मार्केट यार्डातील एक बेदाणा-हळद व्यापारी