एडमंडची उपरती ‘ठिगळ’ नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत आपल्या स्तंभलेखकांनी शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधल्या खलनायक एडमंडची शेवटच्या अंकातली उपरती ‘घाईत लावलेले ठिगळ’ ठरवली आहे. पाचव्या अंकाचा तिसरा प्रवेश त्यांनी सवडीने वाचावा, ही नम्र विनंती.

एडमंड घायाळ होऊन पडलेला आहे. राजा लिअर आणि त्याची धाकटी मुलगी कॉर्डेलिया यांना ठार मारण्याचा लेखी हुकूम त्यानेच थोड्या वेळापूर्वी कप्तानाच्या हाती दिला आहे. वडील ग्लॉस्टर कसे गेले हे सावत्र भाऊ एडगर सांगतो तेव्हा एडमंड हेलावतो, यातून काही भले होईलही म्हणतो, पण हुकुमाबद्दल अवाक्षर काढत नाही. रक्ताळलेला सुरा येतो, लिअरचा एकनिष्ठ सरदार केंट येऊन राजाची चौकशी करतो, लिअरचा जावई अल्बनी थेट विचारतो, तरी हा गप्प. मग याच्यावर जीव जडलेल्या लिअरच्या थोरल्या मुली, गॉनरिल आणि रीगन, यांची प्रेते समोर येतात आणि हा म्हणतो, तरीही एडमंडवर कुणाचे तरी प्रेम होते! त्यानंतरच त्याच्या तोंडून हुकुमाची गोष्ट निघते. खूण म्हणून तो स्वतःची तलवारही देतो. तोवर कॉर्डेलियाला फास बसलेला असतो.

ही वरातीमागून घोडे आणणारी उपरती पटते, कारण तिचे मूळ पहिल्याच प्रवेशात आहे. तिथे बाप याच्या अनौरस जन्माची याच्यासमोरच थट्टा करतो. शिवाय तिच्या बदल्यात याला काहीच मिळत नाही. त्याच्या मृत्यूची बातमी येते तेव्हा अल्बनी ती क्षुल्लक म्हणून बाजूला सारतो. दिग्दर्शक मात्र प्रयोग आटोपशीर करण्याच्या नादात मधली ही दिरंगाईच कापतात. मग उपरती झटपट होते, आणि कॉर्डेलिया निव्वळ योगायोगाने मेल्यासारखी वाटते.

ठिगळच बघायचे तर ‘ॲज यू लाइक इट’ उघडा. भावाचे राज्य बळकावलेला ड्यूक फ्रेडरिक फौज घेऊन रानाच्या वेशीपर्यंत येतो, तिथे त्याला कुणी म्हातारा साधू भेटतो आणि राज्य परत! हे प्रेक्षकांना दिसतसुद्धा नाही. सांगायला येतो तो जाक द बॉइस, जो त्याआधी नाटकभर रंगमंचावर आलेला नसतो. सुखान्तिकेत लग्ने लागायची घाई असते म्हणून खपून जाते, एरवी प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे मागितले असते. आपल्या स्तंभलेखकांना मात्र यातच ‘मानवी मनाचा सहज उमाळा’ दिसला. धन्य!

जाता जाता, त्याच लेखात ‘नटसम्राट’ला ‘लिअरचे मराठी भाषांतर’ म्हटले आहे. शिरवाडकरांचे ते स्वतंत्र नाटक आहे. ‘लिअर’चे भाषांतर विंदा करंदीकरांनी केले. ‘नटसम्राट’मध्ये एडमंडच नाही, ग्लॉस्टरचे सगळे उपकथानकच नाही. मुद्रितशोधकाला यातले निदान एक तरी नाव ठाऊक असायला हरकत नव्हती.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, पुणे