परतावा अडतो तो बँक खात्यापाशी

प्राप्तिकराचा परतावा महिनोन्‌महिने रखडत असल्याची बातमी वाचली. विवरणपत्रांची छाननी हे एक कारण आहेच. पण परतावा मंजूर होऊनही पैसे न येण्याचे कारण अनेकदा बँक खात्याची पडताळणी फसणे हे असते, आणि त्याचा बातमीत उल्लेख नाही.

परतावा केवळ पडताळणी झालेल्या खात्यातच जमा होतो. आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकेच्या पॅनवर लग्नानंतरचे पूर्ण नाव, तर बँकेत आद्याक्षरे आणि माहेरचे आडनाव होते. ई-फायलिंग पोर्टलवर My Bank Account मध्ये ते खाते Failed या यादीत पडून होते. बँक विलीनीकरणानंतर जुना आयएफएससी कोड राहिला असेल, तरी हेच घडते. त्यांनी बँकेत केवायसी अर्ज देऊन नाव पॅनप्रमाणे करून घेतले आणि खाते पुन्हा पडताळले. तरीही पैसे आले नाहीत! कारण एकदा परत गेलेली रक्कम आपोआप पुन्हा पाठवली जात नाही. त्यासाठी Services मधून Refund Reissue ची वेगळी विनंती करून ती आधार ओटीपीसारख्या पद्धतीने प्रमाणित करावी लागते. ही दुसरी पायरी बहुतेकांना ठाऊकच नसते.

खाते वैध ठरताच अडलेला परतावा आपोआप पुन्हा पाठवण्याची सोय प्राप्तिकर विभागाने करावी. निदान पडताळणी नेमकी नावामुळे फसली की कोडमुळे, हे करदात्याला मराठीत एसएमएसने कळवावे.

– एक वाचक, पुणे