आई, पन्नास सेकंद

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई बोललीच नाही. बाबा, तुम्ही म्हणालात ती गोठ्यात आहे, पण मागे तिच्या बांगड्या वाजत होत्या. तिचा राग मला कळतो. कापसाची दुसरी वेचणी मजुरांकडून करून घ्यायची आणि आईने दोन महिने पायी शेतात जायचं नाही, हे मी तुम्हाला न विचारता ठरवलं. गजूलाही परस्पर सांगून टाकलं. समोर बसून सांगायला हवं होतं, पण बारा दिवसांची रजा संपत आली होती. आईच्या तोंडाकडे बघून ते बोलणं माझ्याने झालं नाही. म्हणून हे पत्र.

बाबा, आधी तुमचं गणित. आईच्या चालण्याच्या चाचणीच्या रिपोर्टवर सहा मिनिटांत २७० मीटर लिहिलंय. तुम्ही सहाला दहाने गुणून तास केला, २७० चे २७०० मीटर केले आणि आईचा वेग ताशी २.७ किलोमीटर काढला. अगदी बरोबर. माझ्या कामावर पेशंटना चालवताना आम्हीही तसंच काढतो: मीटरच्या आकड्याला शंभराने भागलं की ताशी किलोमीटर मिळतात, आणि ३६० ने भागलं की सेकंदाला मीटर. आईचा आकडा सेकंदाला ०.७५ मीटर येतो. मग तुम्ही म्हणालात, शेत आपल्या घरापासून ९०० मीटर, म्हणजे वीस मिनिटं, ती आरामात जाईल. बाबा, गणित बरोबर आहे, पण ज्या आकड्यावर ते उभं आहे तो आकडा कसा आला हे मी पाहिलंय. तुम्ही तेव्हा खाली औषधांच्या रांगेत होता.

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये तीस मीटर मोजून दोन टोकांना शंकू ठेवले होते. मी त्या तीस मीटरला खेप म्हणते, म्हणजे आईला लगेच कळेल. तिथल्या मुलीने आईला सांगितलं, सहा मिनिटांत जमेल तेवढं जास्त चाला, दम लागला तर थांबा, पण घड्याळ थांबणार नाही. आणि आई निघाली ती विहिरीवर नंबर लावायचा असल्यासारखी. पहिल्या दोन मिनिटांत चार खेपा, १२० मीटर. म्हणजे तीस सेकंदाला एक खेप. तिसऱ्या मिनिटाला पाय जड झाले, ४५ मीटरच झाले. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९५ वरून ८९ वर आला होता. चौथं मिनिट पूर्ण ती भिंतीला हात टेकून उभी होती. खांदे वर चढलेले, पदर तोंडाशी. माझ्याकडे बघून म्हणाली, "मले काही नाई झालं, तू काहाले रडतं?" मग शेवटच्या दोन मिनिटांत १०५ मीटर. एकूण २७०.

आता बघा, बाबा. ती चालली फक्त पाच मिनिटं. २७० ला पाचाने भागलं तर मिनिटाला ५४ मीटर, म्हणजे चालताना तिचा वेग ताशी सव्वातीन किलोमीटरच्या जवळ होता. एक मिनिट तर ती जागची हललीच नाही. ते उभं राहणं आणि ती घाई एकत्र कालवली की ताशी २.७ होतात. आई खरं तर त्या वेगाने चाललीच नाही. ती आधी जास्त वेगाने चालली आणि नंतर थांबली. रिपोर्टवर दोन्ही एकाच आकड्यात लपलंय. म्हणून सहा मिनिटांच्या चाचणीचा वेग काढताना मी आधी विचारते, पेशंट किती वेळा थांबला आणि किती सेकंद. त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात लिहिलं असतं.

पांदणीवर हेच झालं असतं. बैलगाडीच्या चाकोऱ्या, नाल्याचा चढ, हातात डबा. आई पहिले दीडशे मीटर झपाझप गेली असती आणि नाल्यापाशी दम लागून बसली असती. तिथे टेकायला ना भिंत, ना खुर्ची. दवाखान्यातली फरशी सपाट होती, तिच्या हातात काही नव्हतं, आणि ती चालली तेवढा वेळ जीव लावून चालली होती. तो तिचा सगळ्यात जास्त जोर होता. वीस मिनिटं तेवढाच जोर कोणी लावू शकत नाही, मीही नाही.

आई, तुला हे ऐकून वाईट वाटेल, मला माहीत आहे. लहानपणी मी तुझ्यामागे पळत यायची आणि तू डोक्यावर दोन गुंड घेऊन पुढे निघून जायचीस. मी रडले की वळून म्हणायचीस, "चाल माय, आलंच घर." तुझी चाल बिघडली नाही. इतकी वर्षं चुलीचा धूर फुप्फुसात गेलाय, त्यामुळे आत गेलेली हवा लवकर बाहेर पडत नाही. घाईने चाललीस की जुनी हवा आतच राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. तुला "श्वास भरतच नाही" वाटतं ते त्यामुळे. मिनिटभर थांबलं की ती हवा निघून जाते. चुकलीस असं मी म्हणत नाही. फक्त घाई कमी करायची आहे.

किती कमी, तेही मी काढून ठेवलंय. तुझ्यासारख्या धाप लागणाऱ्या पेशंटना आम्ही चाचणीच्या सरासरी वेगाच्या ८० टक्क्यांनी चालायला लावतो. सरासरी मिनिटाला ४५ मीटर, त्याचे ८० टक्के ३६ मीटर. आता ३६ मीटर कोण मोजत बसणार? म्हणून मी उलटं काढलं: तीस मीटरची एक खेप पन्नास सेकंदांत. दवाखान्यात तू तीच खेप तीस सेकंदांत केली होतीस. पन्नास सेकंद तुला फार हळू वाटतील, लाजही वाटेल, शेजारच्या काकू बघतील. बघू दे.

निघायच्या आदल्या दिवशी मी आणि गजूने टेप लावून घरासमोरचा सिमेंट रस्ता मोजला. विजेच्या खांबापासून कडुनिंबापर्यंत बरोबर तीस मीटर आहे. दोन्हीकडे चुन्याची रेघ मारलीय. ओसरीवर चालू नका, ती जेमतेम नऊ मीटर आहे. सारखं वळावं लागतं, वळताना वेग तुटतो, आणि मग तिथला आकडा दवाखान्याच्या आकड्याशी जुळत नाही. निंबाखाली लाल खुर्ची ठेवा.

बाबा, घड्याळ तुमच्याकडे. शाळेत पोरांना धावायला लावायचे तसं तोंडाने मोजू नका, आईला आपोआप जोर चढतो. नुसतं बघा. ती चाळीस सेकंदांत पोचली तर पुढच्या खेपेला "हळू" एवढंच म्हणा. सुरुवातीला दहा मिनिटं, म्हणजे बारा खेपा. देव्हाऱ्यामागच्या डब्यात मी बारा चिंचोके ठेवलेत. एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकत जा म्हणजे चुकणार नाही. आठवडाभर न थांबता बारा खेपा झाल्या की दोन मिनिटं वाढवा, मग आणखी दोन, वीस मिनिटांपर्यंत. पण खेपेचे पन्नास सेकंद तेच ठेवा. वेळ वाढवायचा, वेग नाही.

थोडी धाप लागणारच, ती लागायला हवी. चालताना एक वाक्य सलग बोलता आलं म्हणजे ठीक. बोटाच्या यंत्रावर ८८ च्या खाली गेलं, छातीत दुखलं, चक्कर आली किंवा दरदरून घाम फुटला तर लगेच खुर्चीत बसवा आणि मला फोन लावा, मी पेशंटसोबत असले तरी उचलेन. छातीतलं दुखणं बसूनही गेलं नाही तर माझी वाट बघू नका, गजूची गाडी काढा. पहाटे अजिबात नाही. आता थंडीत धुकं आणि शेकोट्यांचा धूर खाली साचतो. नऊ वाजता ऊन आलं की निघा, आणि डॉक्टरांनी चालण्याआधी सांगितलेला पंप पंधरा मिनिटं आधी, त्या नळकांड्यातूनच. रागावू नका, पण तुम्ही दोघंही पंप नुसता तोंडात उडवता, मी पाहिलंय.

आणखी एक. दादाच्या मुलाने आईला सांगितलं म्हणे की सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली वेग असला की माणसाचे स्नायू गेले. आईने ते मनाला लावून घेतलंय. तो आकडा खरा आहे, पण तो वेगळ्या मोजणीचा आहे. तिथे चार मीटर नेहमीच्या चालीने चालायला लावतात, म्हणजे आपण स्वयंपाकघरातून ओट्याकडे जातो तसं. त्यात दम संपायचा प्रश्नच येत नाही. आईचा ०.७५ सहा मिनिटांचा आहे, त्यात एक मिनिट ती उभी होती. तो त्या ०.८ शेजारी ठेवायचाच नाही. जाण्याआधी मी तिला अंगणात चार मीटर चालायला लावलं होतं, तिला वाटलं मी चप्पल बघतेय. तिला चार सेकंदसुद्धा लागले नाहीत, म्हणजे सेकंदाला एक मीटरपेक्षा जास्त. आई, तुझे पाय चांगले आहेत. कमी पडतो तो श्वास.

आठ आठवड्यांनी परत नागपूरला चाचणी आहे. मी येतेय, तिकीट काढलंय. त्या दिवशी आई न थांबता चालली पाहिजे, एवढंच मला हवंय. चाचणी दोनदा होईल, मध्ये अर्धा तास विश्रांती, आणि चांगला आकडा धरतील. पहिल्या वेळेस २४८ आणि नंतर २७० आले होते ते आठवतंय ना? दुसऱ्यांदा माणसाला अंदाज येतो म्हणून थोडं वाढतं, ते वाढणं औषधाचं नसतं. म्हणून पाच-दहा मीटर वाढले तर पेढे वाटू नका, आणि घटले तर रडू नका. साधारण तीस मीटरचा फरक पडला तर तो खरा धरायचा. ३०० आले तर ताशी ३ किलोमीटर. त्याचे ८० टक्के मिनिटाला ४० मीटर, म्हणजे तुझी खेप पंचेचाळीस सेकंदांची होईल. तेव्हा आपण तिघं पांदणीने नाल्यापर्यंत जाऊ, खुर्ची गजू आणेल. पुढचं तिथून बघू. आणि तोपर्यंत घरी घड्याळ लावून "बघू तरी किती होतं" असं सहा मिनिटं जोरात चालायचं नाही. बाबा, हे तुमच्यासाठी लिहिलंय.

वेचणीचे पैसे मी गजूकडे दिलेत, त्यावरून वाद घालू नका. आईला रोज सकाळी शेतात जायचंच असेल तर गजू गाडीवर नेईल, बांधावर आंब्याखाली बसून तिने बायांना हवं ते सांगावं. कापूस कोणी कवडीसकट तोडतंय का, हे तिच्याइतकं कोणाला दिसत नाही. दुसरा सिलिंडर भरून ठेवलाय, तरी चूल पेटवू नये, भाकरी गॅसवरही फुगते. तिची जाड शाल कपाटात वरच्या कप्प्यात आहे, आंघोळीचं पाणी हीटरचं घ्यावं. बाबांनी गुडघ्याला तेल लावायचं विसरू नये.

आई, उद्या फोन करेन तेव्हा गोठ्यात जाऊ नकोस. पहिल्या दिवशी किती चिंचोके दुसऱ्या खिशात गेले, ते मला तूच सांग.

तुमची,
मनू