टँकर, ताई आणि मी

ताई, हे आभार फोनवर मानले असते तर तुम्ही 'बरं बरं, पुढचा लेख कधी देतोस' म्हणून विषय बदलला असता, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय.

मे महिन्यातला तो टँकरवरचा लेख आठवतो ना? विहीर आटलेली, नळ कोरडा, आणि मी रागाने सातशे शब्द लिहून पाठवले. त्यात टँकरच्या ड्रायव्हरच्या मोडक्या कोकणीची नक्कल होती, अख्खा एक परिच्छेद, आणि मला तोच सगळ्यात भारी वाटत होता. तुम्ही तो सरळ उडवला. मी भांडलो, लोक हसतील म्हटलं. तुम्ही म्हणालात, हसतील रे, पण तुझा नळ काय त्याच्या कोकणीमुळे कोरडा आहे?

मग तुमचे प्रश्न सुरू. 'आळशी लोकांचा कारभार' ह्या माझ्या वाक्याखाली रेघ, आणि शेजारी लिहिलेलं, हे पोस्टाला, बँकेला, कोणालाही चिकटेल, टँकरचं काय ते सांग. फोन किती वाजता केलास? काय उत्तर मिळालं? मी चिडून सांगत गेलो आणि त्यातूनच हे निघालं:

'सव्वाअकराला फोन केला, म्हणाले टँकर वाटेवर आहे. चारला केला, तरी वाटेवरच. आमच्या वाड्यावर यायला वाट एकच, आणि तिच्यावर मी बादली घेऊन उभा होतो.'

मी आधी 'मी उभा होतो' वाक्याच्या सुरवातीला टाकलं होतं, पुढे तीन उद्गारचिन्हं. तुम्ही ते शेवटी नेलं, चिन्हं काढली. तेवढ्याने हसू आलं, खरंच.

आणि ड्रायव्हर गेलाच नाही लेखातून, हे मला नंतर कळलं. तुम्ही विचारलं, त्या वेळात वाटेवरून काय काय गेलं? तीन टँकर गेले, वर डोंगरावरच्या बंगल्याचा स्विमिंग पूल भरायला. म्हणजे टोमणा कुणाला मारायचा ते समोरच उभं होतं आणि मी बिचाऱ्याच्या बोलण्यावर हसत होतो. मग लिहिलं, 'तिसऱ्या खेपेला ड्रायव्हरने मला हात केला. आता ओळख झाली होती.'

डिटेल पाहिजे म्हटल्यावर मी बादल्यांचे रंग, पाइपची लांबी, शेजाऱ्याचं कुत्रं सगळं कोंबलं, तेही तुम्ही कापलं, न्हाणीतलं रिकामं भाण तेवढं ठेवलं. कुत्र्याचं मला अजून वाईट वाटतं, चांगलं होतं.

लेखाची शेवटची ओळ तर तुम्ही दर वेळी उडवता, कारण तिथे मी आधीच्या विनोदाचा अर्थ सांगत बसतो. ह्या पत्राचीही उडवली असती, म्हणून ह्यावेळी लिहिलीच नाही.